Ctrl आणि टिंब: लिनक्सवर इमोजी नेमकं देतं कोण?

दिवाळीच्या शुभेच्छांमध्ये पणती टाकायची आहे. उबुंटूवर टेक्स्ट एडिटर उघडलात, Ctrl दाबून ठेवून टिंबाची कळ दाबलीत आणि चित्रांची छोटी खिडकी समोर आली. तीच कळ दुसऱ्या प्रोग्राममध्ये दाबली, तर तिथे नुसतं अधोरेखित e उमटलं. तिसऱ्या ठिकाणी काहीच झालं नाही. लिनक्सवर इमोजी टाइप करायला बसलेले अनेकजण इथेच वैतागतात आणि शेवटी गूगलवर पणती शोधून कॉपी करत बसतात. त्याची गरज नाही. सोय संगणकात आहेच, पण ती एका ठिकाणी नाही. एकाच कळेकडे दोन-तीन वेगवेगळे घटक कान लावून बसलेले असतात आणि त्यांतला कोण उत्तर देतो, त्यावर पडद्यावर काय दिसेल ते ठरतं. उत्तर कुणी दिलं हे ओळखता आलं की पुढचं सोपं आहे.

चित्रांची खिडकी कर्सरपाशीच उघडली आणि तिच्यात वर शोधपट्टी असली, तर ती जीटीकेची. ग्नोम डेस्कटॉपचे बहुतेक प्रोग्राम ज्या साहित्यातून बांधलेले असतात, ते हे जीटीके. त्यातल्या मजकुराच्या चौकटीतच इमोजीची सोय बसवलेली आहे. शोधपट्टीत diya लिहा, पणती दिसेल, क्लिक करा, झालं. हात किंवा चेहऱ्याच्या इमोजीवर उजवं क्लिक केलं तर त्वचेच्या वेगवेगळ्या छटाही मिळतात. कळ लक्षात राहत नसेल तर लिहायच्या जागी उजवं क्लिक करा. यादीत Insert Emoji दिसेल. मात्र ही खिडकी जीटीकेची चौकट वापरणाऱ्या प्रोग्रामपुरतीच आहे. ज्या प्रोग्रामने स्वतःची चौकट स्वतः रेखाटली आहे, तिथे ती येईलच असं नाही.

अधोरेखित e दिसलं तर उत्तर आयबसने दिलं आहे. मराठी वाचकाला आयबस नवं नसावं. लिनक्सवर फोनेटिक किंवा आयट्रान्स पद्धतीने मराठी लिहिणारे बरेचजण ते रोज वापरतात, फक्त त्याचं नाव त्यांच्या कानावर आलेलं नसतं. कळफलक आणि प्रोग्राम यांच्या मध्ये ते बसलेलं असतं, म्हणून कळ आधी त्याच्या हाती लागते. e उमटलं म्हणजे काही बिघडलेलं नाही, आयबस शब्दाची वाट पाहत आहे. त्या e पुढे diya लिहा आणि स्पेसबार दाबा. पर्यायांची यादी येईल. हवा तो पर्याय बाणाच्या कळेने निवडा आणि Enter दाबा. नमस्कारासाठी pray लिहून पाहा. शब्द अर्धवट लिहिला तर बहुधा काहीच सापडत नाही, तेव्हा तो पूर्ण लिहावा. नको असेल तर Esc दाबून बाहेर या.

आयबसचा हा पहारा काहींना त्रासदायकही ठरतो. व्हीएस कोडमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांना Ctrl आणि टिंब ही जोडी चूक दुरुस्तीच्या झटपट सूचनांसाठी लागते. आयबसने ती आधीच उचलली, तर सूचनांऐवजी e उमटतं आणि माणूस दोष मात्र संपादकाला देतो. उपाय असा: टर्मिनलमध्ये पुढची आज्ञा द्या.

```
ibus-setup
```

उघडलेल्या खिडकीत Emoji नावाचा विभाग आहे. तिथे ही कळ काढून टाकता येते किंवा दुसरी लावता येते. मी स्वतः कळ बदलण्याच्या बाजूचा आहे. सोय पूर्ण बंद केली, तर ज्या प्रोग्राममध्ये जीटीकेची खिडकी येत नाही तिथे हात रिकामे राहतात.

केडीई प्लाझ्मा वापरणाऱ्यांचं काम जास्त सरळ आहे. 2020 साली आलेल्या 5.18 या आवृत्तीपासून विंडोजचं चिन्ह असलेली कळ आणि टिंब एकत्र दाबलं की इमोजीची स्वतंत्र खिडकी उघडते, प्रोग्राम कुठलाही असो. नवखे फसतात ते पुढच्या पायरीवर. इमोजीवर क्लिक केलं तरी मजकुरात काहीच येत नाही, कारण ही खिडकी इमोजी क्लिपबोर्डवर ठेवते. पुन्हा लिहायच्या जागी येऊन Ctrl+V करायचं असतं.

क्रोमबुकवर असे वाटेकरी नाहीत. सगळी व्यवस्था क्रोमओएसच्याच हातात आहे. इतर संगणकांवर जिथे कॅप्स लॉक असतो, तिथे क्रोमबुकवर शोधाची किंवा लाँचरची कळ असते. ती, Shift आणि स्पेसबार एकत्र दाबा, इमोजीची खिडकी उघडेल. लिहायच्या जागी उजवं क्लिक करूनही Emoji हा पर्याय मिळतो. निवडलेलं इमोजी थेट कर्सरपाशी येतं.

खिडकी कुठलीच उघडत नसेल तर आणखी एक जुना, खात्रीचा मार्ग आहे. प्रत्येक इमोजीला युनिकोडमध्ये ठरलेला क्रमांक असतो. पणतीचा 1FA94, जोडलेल्या हातांचा 1F64F, ऑटोरिक्षाचा 1F6FA. Ctrl, Shift आणि U एकत्र दाबून सोडा. अधोरेखित u दिसेल. मग क्रमांक लिहा आणि Enter दाबा. जीटीकेच्या प्रोग्राममध्ये, आयबस चालू असेल तिथे आणि क्रोमबुकवरही हे चालतं. लिब्रेऑफिसमध्ये पद्धत उलटी आहे: आधी क्रमांक लिहायचा, मग लगेच Alt+X दाबायचं.

मराठी लिहिणाऱ्याची अडचण नेमकी इथे येते. कळफलक देवनागरीवर असेल तर 1FA94 मधली F आणि A ही अक्षरं देवनागरी होऊन उमटतात आणि क्रमांक बनतच नाही. शोधपट्टीत diya लिहितानाही तेच घडतं. म्हणून आधी इंग्रजी कळफलकावर या. ग्नोममध्ये त्यासाठी विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेसबार दाबायचा असतो. इमोजी टाका आणि त्याच जोडीने मराठीवर परत या. दोनदा केलं की बोटांना ते पाठ होतं.

सगळं बरोबर करूनही पणतीऐवजी चौकोन दिसला, तर दोष टायपिंगचा नाही. अक्षर नीट उमटलेलं आहे, ते काढून दाखवणारा फाँट संगणकावर नाही. पुष्कळदा अशा चौकोनात बारीक अक्षरांत तो क्रमांकच लिहिलेला दिसतो आणि त्यावरून खात्री पटते. उबुंटू आणि डेबियनवर गूगलचा रंगीत इमोजी फाँट असा बसवता येतो:

```
sudo apt install fonts-noto-color-emoji
```

प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, चौकोनाच्या जागी पणती आलेली असेल. मजकूर पुन्हा लिहावा लागत नाही.

समोरच्याच्या फोनवर चौकोन दिसत असेल, तर मात्र आपल्या हातात फारसं काही नाही. पणती, ऑटोरिक्षा, साडी आणि मंदिर ही चारही चिन्हं युनिकोडमध्ये आली 2019 साली, बाराव्या आवृत्तीत. त्याआधीची प्रणाली असलेल्या आणि नंतर अद्ययावत न झालेल्या फोनला ती ओळखता येत नाहीत. अशा नातेवाइकांना दिवाळीचा निरोप पाठवताना पणतीच्या शेजारी जोडलेले हातही टाकावेत. ते 2010 पासून युनिकोडमध्ये आहेत आणि जुन्या फोनवरही बहुधा दिसतात.