तीन फाशांतले सर्वांत मोठे दान

माणिकपूरच्या एखाद्या शाळेत आनंदमेळावा भरला आहे, असे समजा. भेळ आणि सरबत यांच्या शेजारी दहावीच्या मुलांनी फाशांचा एक खेळ मांडला आहे. तिकीट पाच रुपये. खेळणाऱ्याने तीन फासे एकदम टाकायचे आणि त्यांत जे दान सर्वांत मोठे असेल तितक्या गोळ्या घेऊन जायच्या. एका गोळीची किंमत एक रुपया. फासे २, ५ आणि ३ असे पडले, तर पाच गोळ्या मिळणार. तिन्ही फाशांवर एक पडला, तर बिचाऱ्याला एकच गोळी! प्रश्न असा, की दिवसअखेर मुलांच्या डब्यात पैसे उरतील की खिशातून घालावे लागतील?

एका फाशाची सरासरी सर्वांना ठाऊक असते. १ ते ६ यांची बेरीज २१, तिला ६ ने भागले की ३.५. पण इथे आपण तिघांतला मोठा निवडतो आहोत, त्यामुळे उत्तर ३.५ पेक्षा जास्त येणार हे उघड आहे. किती जास्त, हे मात्र अंदाजाने सांगता येत नाही. काही विद्यार्थी म्हणतात, 'एका फाशावर सहा पडण्याची संभाव्यता एक षष्ठांश, म्हणून तीन फाशांत ती तीन षष्ठांश, म्हणजे निम्मी.' हा हिशोब फसवा आहे. याच रीतीने सहा फासे घेतले तर सहा पडणे निश्चित ठरेल, आणि सात फाशांना संभाव्यता एकापेक्षाही मोठी होईल! ज्या वेळी दोन किंवा तीन फाशांवर सहा पडतो, ती वेळ या बेरजेत पुन्हा पुन्हा मोजली गेली आहे, हे त्यातले वैगुण्य.

मग करायचे काय? प्रश्न थोडा उलटा विचारायचा. 'सर्वांत मोठे दान ४ असेल का?' असे न विचारता 'ते ४ किंवा त्याहून कमी असेल का?' असे विचारा. सर्वांत मोठे दान चारच्या वर जात नाही याचा अर्थ एकही फासा चारच्या वर जात नाही. एका फाशाला याची संभाव्यता ४/६. एक फासा दुसऱ्याला विचारून पडत नाही, म्हणून तिन्हींच्या संभाव्यतांचा गुणाकार करायचा : ४/६ चा घन, म्हणजे ६४/२१६. 'अमुक संख्या किंवा त्याहून कमी' याची संभाव्यता सांगणाऱ्या या फलाला वितरण फल म्हणतात. आपल्या खेळाचे वितरण फल १ ते ६ या दानांसाठी अनुक्रमे १, ८, २७, ६४, १२५ आणि २१६ भागिले २१६ असे आहे. हे सारे घन आहेत, पाठ करायचीही गरज नाही.

आता सरासरी काढू. प्रत्येक दानाची स्वतंत्र संभाव्यता काढून ती दानाने गुणता येईल. पण वितरण फल हाताशी असताना त्याहून सोपी वाट आहे. सहा पायऱ्यांचा एक जिना डोळ्यांसमोर आणा. सर्वांत मोठे दान ४ आले की चार पायऱ्या चढायच्या, ६ आले की सहा. आपल्याला हवी आहे ती दर खेळी चढलेल्या पायऱ्यांची सरासरी. मग प्रत्येक पायरीलाच विचारू, 'बाई, २१६ खेळ्यांत तुझ्यावर सरासरी किती वेळा पाय पडतो?'

पहिल्या पायरीवर नेहमीच पडतो, म्हणजे २१६ वेळा. दुसऱ्या पायरीवर पाय पडत नाही तो फक्त सर्वांत मोठे दान १ असेल तेव्हा, म्हणजे एकदाच. म्हणून २१५ वेळा. तिसरीसाठी २१६ मधून ८ वजा, २०८. पुढे याच रीतीने १८९, १५२ आणि ९१. या सहा संख्यांची बेरीज १०७१ होते. तिला २१६ ने भागले की ४.९६ येतात. हेच तीन फाशांतल्या सर्वांत मोठ्या दानाचे अपेक्षित मूल्य. शेवटची संख्याही पाहून ठेवा : निदान एक सहा पडण्याची संभाव्यता ९१/२१६ आहे, म्हणजे निम्म्याहून बरीच कमी.

आता मेळाव्याकडे वळू. २१६ खेळ्यांत तिकिटांचे १०८० रुपये जमतील आणि सरासरीने १०७१ रुपयांच्या गोळ्या जातील. नफा नऊ रुपये! पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. एका खेळीतले प्रमाण विचलन काढले तर ते सुमारे १.१४ येते. २१६ खेळ्यांच्या बेरजेसाठी त्याला २१६ च्या वर्गमुळाने गुणायचे, की सुमारे १७ रुपयांचा चढउतार मिळतो. नऊ रुपयांचा नफा या चढउतारात सहज बुडू शकतो. माझा सल्ला विचाराल तर एक फासा कमी करा. दोन फाशांना घनांऐवजी वर्ग येतात आणि अपेक्षित मूल्य १६१/३६, म्हणजे सुमारे ४.४७ भरते. त्याच तिकिटात २१६ खेळ्यांमागे ११४ रुपये उरतात आणि चढउतार असतो एकवीस रुपयांच्या आसपास. हा खेळ निर्धास्तपणे मांडावा.

याच्या उलट, फासे वाढवीत गेलो तर? चार फाशांना ५.२४, पाचांना ५.४३, दहांना ५.८२. प्रत्येक नव्या फाशाची भर आधीच्यापेक्षा लहान असते, कारण वर सहाचे छप्पर आहे.

या साऱ्या हिशोबात फासे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, हे गृहीत धरले आहे. ते नसेल तर गुणाकार करता येत नाही. पाऊस हे त्याचे उदाहरण. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासूनच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातल्या कुलाब्याला अवघा ७३. पर्जन्यमापके जितकी जास्त, तितकी त्यांतली सर्वांत मोठी नोंद मोठी असण्याचा संभव जास्त, हे फाशांसारखेच. पण माणिकपूरला एक पर्जन्यमापक ठेवले आणि दुसरे शेजारच्या गल्लीत, तर दोघांवर एकच ढग बरसेल. ते दोन स्वतंत्र फासे नव्हेत. जवळजवळ एकच फासा दोनदा वाचल्यासारखे ते होईल. शिवाय पावसाला सहाचे छप्परही नाही.

घरी पडताळा पाहायचा असेल, तर ल्यूडोचे तीन फासे १०० वेळा टाका आणि दर वेळचे सर्वांत मोठे दान मांडून बेरीज करा. फासे चांगले असतील तर १०० पैकी सुमारे ९५ प्रयोगांत ही बेरीज ४७३ ते ५१९ यांच्या दरम्यान येते. फार बाहेर गेली, तर प्रयोग पुन्हा करा. दुसऱ्यांदाही तेच झाले, तर एखादा फासा एका बाजूला जड आहे असा संशय घ्यायला हरकत नाही.

आणि सर्वांत लहान दानाचे अपेक्षित मूल्य? त्यासाठी नवा हिशोब नको. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात असते, म्हणून वरचे सर्वांत मोठे दान ज्या फाशावर, त्याच्याच तळाशी खालचे सर्वांत लहान दान दडलेले असते. सातातून ४.९६ वजा करा : २.०४.