जुनी ड्राइव्ह हातावेगळी करण्यापूर्वी

संगणकावरची फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा केला, की ऑपरेटिंग सिस्टिम त्या फाइलची फक्त नोंद काढून टाकते आणि तिची जागा मोकळी झाली असे धरते. त्या जागेवरची माहिती दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तशीच असते. क्विक फॉरमॅटही नोंदींचा तक्ताच नवा करतो. म्हणून फॉरमॅट करून विकलेल्या हार्ड डिस्कमधून साध्या रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो, पत्रे आणि बँकेची कागदपत्रे परत काढता येतात. अमेरिकेतील एमआयटीचे सिमसन गारफिंकल आणि अभी शेलट यांनी 158 जुन्या डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि त्याचे निष्कर्ष 2003 मध्ये प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील 129 डिस्कपैकी केवळ 12 नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांमध्ये क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांकही सापडले.

माहिती परत मिळू नये अशी पुसण्याच्या प्रक्रियेला मीडिया सॅनिटायझेशन म्हणतात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेची ‘800-88’ ही मार्गदर्शिका या क्षेत्रात जगभर प्रमाण मानली जाते. तिने तीन पातळ्या ठरवल्या आहेत. ‘क्लिअर’ केलेल्या ड्राइव्हमधून नेहमीच्या सॉफ्टवेअरने काही मिळत नाही. ‘पर्ज’ केलेल्या ड्राइव्हमधून अद्ययावत प्रयोगशाळेलाही काही मिळू नये, अशी अपेक्षा असते. ‘डिस्ट्रॉय’ म्हणजे ड्राइव्हचाच चुरा करणे, ती वितळवणे किंवा जाळणे. कोणती पद्धत कोणत्या पातळीला पोहोचते, हे ड्राइव्हच्या आत माहिती कशी साठते यावर अवलंबून असते. चुंबकीय हार्ड डिस्कला चालणारा उपाय एसएसडीला लागू पडेलच असे नाही.

ओव्हरराइटिंग म्हणजे ड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत शून्ये किंवा यादृच्छिक आकडे लिहिणे. हार्ड डिस्कमध्ये हे सरळ घडते, कारण तिथे एका सेक्टरचा पत्ता तबकडीवरच्या एका ठराविक जागेशी बांधलेला असतो. त्या पत्त्यावर नवे लिहिले की त्याच जागेचे चुंबकत्व बदलते आणि जुने राहत नाही. हे एकदा करावे की अनेकदा, यावर बराच गोंधळ आहे. पीटर गटमन यांनी 1996 मधील निबंधात 35 वेळा लिहिण्याची योजना मांडली होती. पण त्या 35 फेऱ्या तेव्हाच्या निरनिराळ्या एन्कोडिंग पद्धतींच्या डिस्कसाठी एकत्र केलेल्या होत्या, आणि कोणत्याही एका डिस्कला त्या सगळ्या लागू होत नाहीत, असे स्वतः गटमन यांनीच पुढे स्पष्ट केले. आजच्या डिस्कवर माहिती इतकी दाट लिहिलेली असते की एका पूर्ण फेरीनंतर मागे वाचण्याजोगे काही उरत नाही. 4 टेराबाइटच्या डिस्कवर सेकंदाला सरासरी 150 मेगाबाइट वेगाने लिहिले, तर एका फेरीला सुमारे साडेसात तास लागतात. 35 फेऱ्यांना दहा दिवसांहून अधिक काळ लागेल आणि सुरक्षितता वाढणार नाही.

एका फेरीतून सुटणारी जागा मात्र वेगळी असते. एखादा सेक्टर खराब होऊ लागला की हार्ड डिस्क त्याचा पत्ता राखीव सेक्टरला देऊन टाकते. यानंतर त्या पत्त्यावर लिहिलेले सारे नव्या सेक्टरवर जाते, आणि जुन्या सेक्टरवरचे तुकडे तिथेच राहतात. काही डिस्कमध्ये उत्पादकाने किंवा विक्रेत्याने शेवटचा भाग ऑपरेटिंग सिस्टिमपासून लपवलेला असतो. बाहेरून चालवलेले सॉफ्टवेअर या दोन्ही ठिकाणी पोहोचत नाही. त्यामुळे सॉफ्टवेअरने केलेले ओव्हरराइटिंग ‘क्लिअर’ या पातळीचे मानले जाते. घरातली किंवा कार्यालयातली सामान्य हार्ड डिस्क पुन्हा वापरायला देताना ते पुरेसे असते.

एसएसडी आणि पेन ड्राइव्हमध्ये ही पद्धत कमी पडते. फ्लॅश चिपवर लिहिलेल्या पानावर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अनेक पानांचा अख्खा ब्लॉक रिकामा करावा लागतो, आणि प्रत्येक ब्लॉक ठराविक वेळाच रिकामा करता येतो. म्हणून एसएसडीचा कंट्रोलर नवे लिखाण दुसऱ्याच मोकळ्या पानावर टाकतो, पत्त्यांचा तक्ता बदलतो आणि जुने पान सवडीने पुसण्यासाठी बाजूला ठेवतो. शिवाय ड्राइव्हमध्ये वापरकर्त्याला दिसते त्याहून अधिक जागा असते. एखादी फाइल दहादा ओव्हरराइट केली, तरी तिची मूळ प्रत चिपवर शाबूत असू शकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी 2011 मध्ये चिप थेट वाचून हे दाखवले. एसएसडीवरची एकच फाइल पुसण्याचा तेव्हाचा कोणताही मार्ग विश्वासार्ह ठरला नाही. संपूर्ण ड्राइव्ह दोनदा ओव्हरराइट केल्यावर बहुतेक वेळा काम झाले, पण प्रत्येक वेळी नाही. ड्राइव्हची स्वतःची इरेज आज्ञाही काही मॉडेल्समध्ये सदोष निघाली. एका ड्राइव्हने काम यशस्वी झाल्याचे कळवले, तरी तिच्यातली माहिती जशीच्या तशी होती.

डिगॉसिंगमध्ये ड्राइव्ह प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवली जाते. त्यामुळे तबकड्यांवरची चुंबकीय मांडणी विस्कटते. खराब आणि लपवलेले सेक्टरही यातून सुटत नाहीत. ड्राइव्ह बंद पडलेली असली तरी फरक पडत नाही, आणि हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. मात्र वाचन-लेखनाच्या हेडला ट्रॅकची जागा दाखवणाऱ्या, कारखान्यात लिहिलेल्या सर्वो खुणाही त्यासोबत पुसल्या जातात. त्या पुन्हा लिहिण्याची सोय ड्राइव्हमध्ये नसल्याने ती कायमची निकामी होते. बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या एलटीओ टेपचेही हेच होते. म्हणून जे पुन्हा वापरायचे आहे, त्याला ही पद्धत लावता येत नाही.

डिगॉसरचे क्षेत्र माध्यमाच्या कोअर्सिव्हिटीपेक्षा, म्हणजे चुंबकत्व बदलायला होणाऱ्या विरोधापेक्षा, पुरेसे जास्त असावे लागते. ही ताकद अर्स्टेडमध्ये मोजतात. जुन्या टेपसाठी घेतलेले यंत्र नव्या डिस्कला अपुरे पडू शकते. लिहिताना तबकडी तापवणाऱ्या हॅमर तंत्राच्या डिस्कमध्ये हा विरोध आणखी जास्त असतो. यंत्र अपुरे पडल्याचे बाहेरून ओळखता येत नाही. सर्वो खुणा बिघडल्याने संगणकाला डिस्क दिसेनाशी होते, पण तेवढ्यावरून आतली माहिती गेली असे सिद्ध होत नाही. म्हणून डिगॉसरची ताकद डिस्कशी जुळवून पाहणे आणि यंत्राची नियमित तपासणी करणे अपरिहार्य असते. फ्लॅश चिपमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात असल्याने एसएसडी, पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डासाठी डिगॉसिंग निरुपयोगी आहे. चुंबकीय तबकडीसोबत फ्लॅश चिपही असलेल्या हायब्रिड ड्राइव्हमध्ये चिपवरचा भाग मागे राहतो.

क्रिप्टोग्राफिक इरेजमध्ये माहितीला हात न लावता तिची चावी नष्ट केली जाते. स्वतः एन्क्रिप्शन करणाऱ्या ड्राइव्हमध्ये प्रत्येक बाइट ड्राइव्हच्या आतल्या चावीने कूटबद्ध होऊनच तबकडीवर किंवा चिपवर उतरतो. ती चावी पुसून नवी तयार केली, की टेराबाइटभर माहिती काही सेकंदांत अर्थहीन होते. राखीव जागेतल्या आणि बदललेल्या सेक्टरवरच्या तुकड्यांचीही तीच गत होते. त्यामुळे एसएसडीसाठी ही पद्धत विशेष उपयोगी आहे आणि योग्य अटींवर ती ‘पर्ज’ पातळीची मानली जाते.

त्या अटी तीन आहेत. पहिली अट अशी की संवेदनशील माहिती लिहिली जाण्याआधीपासून एन्क्रिप्शन चालू असावे. वापरलेल्या ड्राइव्हवर बिटलॉकरसारखे एन्क्रिप्शन ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय निवडून चालू केले, तर आधी डिलीट केलेल्या फाइलींचे उघडे अवशेष मोकळ्या जागेत तसेच राहतात. दुसरी अट, चावीची प्रत इतरत्र नसावी. बिटलॉकरची रिकव्हरी की छापून फायलीत लावलेली किंवा ऑनलाइन खात्यात जपलेली असेल, तर नुसत्या ड्राइव्हवरच्या प्रती पुसल्या गेल्याची खात्री असावी लागते. तिसरी अट, ड्राइव्हची रचना विश्वासार्ह असावी. नेदरलँड्समधील रॅडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मायर आणि बर्नार्ड व्हॅन गास्टेल यांनी 2018 मध्ये काही नामवंत एसएसडींचे एन्क्रिप्शन वळसा घालून उघडता येते हे दाखवून दिले. सॅमसंगच्या ‘840 इव्हो’ या मॉडेलमध्ये पासवर्ड बदलल्यावरही चावीची जुनी, असुरक्षित प्रत चिपवर राहू शकत होती. चावीही फ्लॅशवरच लिहिलेली असल्याने तिथेही नवे लिखाण दुसऱ्या पानावर जात होते.

अनेक एनव्हीएमई एसएसडींमध्ये हे काम लिनक्सवरून पुढील आज्ञांनी करता येते. पहिली आज्ञा ड्राइव्हला कोणते प्रकार जमतात ते दाखवते, दुसरी चावी बदलते आणि तिसरी निकाल सांगते. दुसरी आज्ञा परत फिरवता येत नाही, म्हणून ड्राइव्हचे नाव आधी तपासून घ्यावे लागते.

```
nvme id-ctrl -H /dev/nvme0
nvme sanitize /dev/nvme0 --sanact=4
nvme sanitize-log /dev/nvme0
```

दुसऱ्या आज्ञेत 4 ऐवजी 2 लिहिल्यास चावी बदलण्याऐवजी सगळे फ्लॅश ब्लॉक पुसले जातात. दोन्ही प्रकार उपलब्ध असतील, तर एकामागून एक केल्याने चावीच्या रचनेतील दोषाचा धोका बराच कमी होतो.

या अटी मोडल्या तर काय होते, हे मॉर्गन स्टॅनली स्मिथ बार्नी या अमेरिकी वित्तसंस्थेच्या प्रकरणात दिसले. 2016 मध्ये दोन डेटा सेंटर बंद करताना या संस्थेने माहिती नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या सामान वाहतूक कंपनीला काम दिले. ग्राहकांची माहिती असलेली काही उपकरणे पुढे विकली गेली आणि इंटरनेटवरच्या लिलावापर्यंत पोहोचली. ओक्लाहोमातील एका सल्लागाराने तिथून ड्राइव्ह घेतल्या, त्यांत संस्थेची माहिती पाहिली आणि 2017 मध्ये संस्थेलाच कळवले. शाखांमधले सर्व्हर बदलताना 42 सर्व्हरचा हिशेबच लागला नाही. त्या उपकरणांत एन्क्रिप्शनची सोय होती, पण ती वर्षानुवर्षे चालूच केलेली नव्हती. रोखे बाजाराच्या अमेरिकी नियामकाने 2022 मध्ये संस्थेला साडेतीन कोटी डॉलर दंड ठोठावला. एन्क्रिप्शन वेळेवर चालू असते आणि चाव्या वेगळ्या जपल्या असत्या, तर हरवलेले सर्व्हरही कुणाला वाचता आले नसते.

एखादे लहान कार्यालय चार वस्तू काढून टाकत आहे असे धरले, तर निवड अशी होईल. चालू स्थितीतील हार्ड डिस्क शाळेला द्यायची असेल, तर एक पूर्ण ओव्हरराइट आणि नंतर पडताळणी पुरेशी आहे. चालू होत नसलेल्या हार्ड डिस्कवर काही लिहिता येत नाही, म्हणून ती पुरेशा ताकदीच्या डिगॉसरमधून काढावी किंवा तिचा चुरा करावा. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन असलेल्या लॅपटॉपच्या एसएसडीसाठी क्रिप्टोग्राफिक इरेज आणि जमल्यास ब्लॉक इरेज योग्य आहे. स्वतःची इरेज आज्ञा नसलेला, एन्क्रिप्शनशिवाय वापरलेला पेन ड्राइव्ह गोपनीय माहितीसाठी वापरला असेल, तर त्याची चिप चुरडणे हाच खात्रीचा मार्ग उरतो. भोक पाडताना चिप सुटली तर उपयोग नाही.

पडताळणीलाही मर्यादा आहे. ओव्हरराइट केलेली हार्ड डिस्क शेवटपर्यंत वाचून सगळीकडे शून्येच आहेत का, हे पाहता येते. एसएसडी वाचताना मात्र कंट्रोलर दाखवतो तेवढेच दिसते, राखीव पाने दिसत नाहीत. त्यामुळे तिथे ड्राइव्हने दिलेल्या निकालासोबत उत्पादकाचे लेखी तपशील आणि मॉडेलचा पूर्वेतिहासही पाहावा लागतो. प्रत्येक ड्राइव्हचा सिरियल क्रमांक, प्रकार, वापरलेली पद्धत, पडताळणीचा निकाल, तारीख आणि जबाबदार व्यक्तीचे नाव नोंदवावे. ड्राइव्ह बाहेरच्या ठेकेदाराकडे जात असेल, तर त्याने दिलेल्या प्रमाणपत्रावरचे क्रमांक या नोंदींशी एकेक करून जुळवावेत, म्हणजे वाटेत गहाळ झालेली ड्राइव्ह लगेच लक्षात येते.