वीस सेकंदांचे कचेरी-प्रहसन

वीस सेकंदांत स्पष्ट उच्चारता येणारे मराठी शब्द जेमतेम चाळीस असल्यामुळे, पात्राचा परिचय संवादातून न देता त्याच्या पहिल्या कृतीतूनच द्यावा लागतो. आणि याकरिता रजेचे अर्ज तपासणारा काटेकोर कारकून मला सर्वांत सोयीचा वाटतो.

पहिल्या पाच सेकंदांत टेबलावरून एक अर्ज सरकत येतो, केवळ हात दिसतात, आणि कारकून म्हणतो, "तारीख नाही." पुढील नऊ सेकंदांत समोरचा हात तारीख लिहितो, तोच "साहेबांची शिफारस?" आणि तीही पुढे येताच, "आपण याच खात्यात आहात, याचा दाखला?" येथे हरकत प्रथम कागदावर, नंतर वरिष्ठांवर आणि अखेर माणसाच्या अस्तित्वावरच येते. तिन्ही हरकती एकाच तोलाच्या ठेवल्या, तर ती केवळ पुनरुक्ती होते, चढण होत नाही.

उरलेल्या सहा सेकंदांत कॅमेरा मागे सरतो. कारकून उठून समोरच्या खुर्चीवर बसतो व कळवळून म्हणतो, "अहो, अर्ज माझाच आहे!" पुन्हा आपल्या जागी येऊन तो चष्मा सावरतो व क्षणभर थांबतो. "मग तर उद्या या."

टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या हातांची बाही आरंभापासून एकच ठेवावी, म्हणजे दुसऱ्यांदा पाहणाऱ्यास खूण सापडते. अखेरच्या शब्दानंतर चित्र तत्क्षणी तोडावे. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा, आणि वेळ वाढल्यास शिफारशीची हरकत गाळा; शेवटापूर्वीचा क्षणभराचा विराम मात्र कदापि गाळू नका.