हरण्याची धास्ती वाटणाऱ्यांसाठी ‘अनपॅकिंग’

हरायच्या भीतीने गेम उघडायलाच नको वाटतं, अशांनी ‘अनपॅकिंग’ जरूर पाहावा. ऑस्ट्रेलियाच्या ‘विच बीम’ने तो 2021मध्ये आणला. नव्या घरातले खोके उघडायचे, सामान लावायचं, बस्स. घड्याळ नाही, गुण नाहीत, ‘गेम ओव्हर’ नाही.

एक खटकणारी गोष्ट मात्र आहे. सगळे खोके रिकामे झाले की चुकीच्या जागी ठेवलेल्या वस्तूंभोवती लाल कड उमटते आणि त्या हलवल्याशिवाय पुढचा टप्पा मिळत नाही. शिक्षा काहीच नसते, पण धास्तावलेल्या माणसाला तेवढा लाल रंगही बोचतो. त्यावर उपाय गेममध्येच आहे. सेटिंग्जमध्ये वस्तू कुठेही ठेवू देणारा पर्याय सुरू केला की टोस्टर न्हाणीघरात ठेवला तरी चालतो.

खेळायला बसण्याआधीच तो पर्याय सुरू करून ठेवा.