साडेवीस सागरी मैलांवरचा गोळीबार

१५ फेब्रुवारी २०१२. दुपारचे साडेचार वाजत आले होते. केरळच्या किनाऱ्यापासून साडेवीस सागरी मैलांवर 'सेंट अँटनी' ही मच्छीमार बोट होती आणि तिच्यावरचे बहुतेक खलाशी झोपले होते. जवळून 'एन्रिका लेक्सी' हे इटलीचे तेलवाहू जहाज जिबूतीकडे चालले होते. चाच्यांपासून रक्षणासाठी जहाजावर इटालियन नौदलाचे सहा सैनिक होते. बोट चाच्यांची आहे असे वाटल्याने गोळ्या झाडल्या, असे इटलीच्या बाजूने नंतर सांगण्यात आले. गोळ्या लागून सुकाणूवरचा मच्छीमार आणि त्याचा एक सहकारी असे दोघे जागीच गेले. बोट वळली आणि किनाऱ्याकडे परतली.

मेलेले भारतीय, बोट भारतीय. जहाज मात्र इटलीचे आणि गोळी झाडणारे इटलीचे सरकारी नोकर. मग खटला कोणी चालवायचा? याचे उत्तर ठरायला आठ वर्षे लागली.

पहिला प्रश्न अंतराचा. समुद्रात अंतर सागरी मैलांत मोजतात आणि एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. मोजणी सुरू होते ती आधाररेषेपासून, म्हणजे साधारणपणे ओहोटीला पाणी जिथवर मागे सरते त्या रेषेपासून. किनारा फार दंतुर असेल किंवा समोर बेटांची माळ असेल, तर टोकाला टोक जोडून सरळ रेषाही आखता येते. त्या रेषेपासून १२ मैलांपर्यंतचा पट्टा म्हणजे प्रादेशिक समुद्र. तो देशाच्याच मालकीचा, तळासकट आणि वरच्या आकाशासकट. परक्या जहाजाला तिथून जाता येते, पण निरुपद्रवीपणे: न थांबता, मासे न पकडता, हेरगिरी किंवा शस्त्रांचा सराव न करता. कोकणातल्या मच्छीमारांना हा आकडा वेगळ्या कारणाने पाठ असतो, कारण राज्याचा मासेमारी कायदा १२ मैलांवर संपतो आणि त्यापुढचे केंद्राच्या हाती असते.

पुढच्या १२ मैलांना, म्हणजे २४ मैलांपर्यंत, संलग्न पट्टा म्हणतात. जकात, परदेशी लोकांचा प्रवेश, साथरोग अशा मोजक्या बाबतींत देशाला तिथे जहाज अडवता येते. गोळीबार झाला तो याच पट्ट्यात. मात्र हा पट्टा आणखी एका मोठ्या क्षेत्रात मोडतो, आणि सगळा पेच त्या क्षेत्राच्या स्वरूपातच होता.

ते क्षेत्र म्हणजे आधाररेषेपासून २०० मैलांपर्यंत, सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत पसरलेले अनन्य आर्थिक क्षेत्र. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने त्याला आजचे रूप दिले. भारताने १९९५ मध्ये या कराराला मान्यता दिली. वर्तमानपत्रांत या क्षेत्राला सर्रास 'भारताची हद्द' म्हटले जाते आणि तिथेच गल्लत होते. हा भाग भारताच्या मालकीचा नाही. तिथले मासे, तळाखालचे तेल आणि वायू, वारा-लाटांपासूनची वीज यांवर मात्र हक्क भारताचाच. एखाद्या शेतातले पीक एकाचे, पण पायवाट सगळ्यांची, अशी काहीशी ही रचना आहे. परक्या देशाचे जहाज तिथून परवानगी न घेता जाऊ शकते, विमान वरून उडू शकते, तळाशी केबल टाकता येते.

ही पायवाट नेमकी कशासाठी वापरायची, यावर आजही वाद आहे. ७ एप्रिल २०२१ रोजी 'जॉन पॉल जोन्स' ही अमेरिकी युद्धनौका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० मैलांवरून गेली आणि आपण भारताची परवानगी घेतली नाही, हे अमेरिकेने जाहीर केले. या क्षेत्रात दुसऱ्या देशाने संमतीशिवाय लष्करी सराव करता कामा नये, ही भारताची जुनी भूमिका. अमेरिका ती मानत नाही. युद्धनौकेच्या नुसत्या जाण्याला भारताचाही विरोध नाही. विरोध आहे तो तिथे लष्करी हालचाली करण्याला, आणि कराराचा मजकूर या बाबतीत दोन्हीकडे ओढता येण्याइतका सैल आहे.

२०० मैलांपलीकडे खुला समुद्र. तो कोणाचाच नाही, पण तिथे कायदा नाही असेही नाही. ज्या देशाचा झेंडा जहाजावर, त्या देशाचा कायदा त्या जहाजावर. चाचेगिरीसारखे थोडे अपवाद सोडले तर दुसऱ्या देशाला ते जहाज अडवता येत नाही. संचाराचे हेच स्वातंत्र्य करार आर्थिक क्षेत्रालाही लागू करतो.

आता पुन्हा त्या गोळीबाराकडे. मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राने जहाजाशी संपर्क साधून त्याला कोचीला परत बोलावले. दोन सैनिकांना अटक झाली आणि केरळ पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केरळचा अधिकार १२ मैलांवर संपतो. खटला केंद्राने विशेष न्यायालयात चालवावा. इटलीचे म्हणणे वेगळेच होते. जहाजांची टक्कर किंवा संचारातला तसा एखादा अपघात घडला, तर फौजदारी कारवाई झेंड्याच्या देशाने किंवा आरोपीच्या देशाने करायची, असे करारात कलम आहे. इटलीने त्यावर बोट ठेवले.

प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि २०२० मध्ये निवाडा आला. बंदुकीतून गोळी झाडणे हा जहाज चालवतानाचा अपघात नव्हे, म्हणून ते कलम इथे लागत नाही, असे लवादाने ठरवले. भारतीय बोटीवर माणसे मेली, त्यामुळे भारतालाही अधिकार होता. पण सैनिक सरकारी कामावर होते. परक्या देशाच्या फौजदारी न्यायालयापासून त्यांना संरक्षण आहे, असे पाचपैकी तिघांनी मानले. भारताला खटला थांबवावा लागला.

बातम्यांत गाजला तो हाच भाग. निवाड्यातली दुसरी बाजू त्यामानाने मागे पडली, आणि मच्छीमारांच्या दृष्टीने महत्त्वाची तीच. संचाराच्या स्वातंत्र्याची चर्चा निघाली की मोठाली जहाजे आणि युद्धनौका डोळ्यांसमोर येतात. लवादाने ते स्वातंत्र्य एका छोट्या मासेमारी बोटीच्या बाजूने वापरले. गोळ्यांमुळे 'सेंट अँटनी'ला आपली वाट सोडून किनाऱ्याकडे पळावे लागले; म्हणजे इटलीने भारतीय बोटीच्या संचारस्वातंत्र्याचा भंग केला आणि त्यासाठी भरपाई दिली पाहिजे, असे निवाड्यात स्पष्ट लिहिले आहे. भरपाई केवळ बोटीच्या नुकसानीपुरती नव्हती. गेलेले जीव आणि उरलेल्यांनी सोसलेला मनस्तापही तिच्यात धरला होता.

रक्कम दोन्ही देशांनी वाटाघाटी करून ठरवली: दहा कोटी रुपये. प्रत्येक मृताच्या कुटुंबाला चार कोटी आणि बोटीच्या मालकाला दोन कोटी. पैसे जमा झाल्यावर १५ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतातला खटला बंद केला. चौकशी इटलीने करायची होती. जानेवारी २०२२ मध्ये, पुरेसा पुरावा नाही असे म्हणत, रोमच्या न्यायालयानेही प्रकरण मिटवले.