मागच्या बागेतला बॉम्ब

लंडनच्या क्रिकलवुड भागात मेप्सबरी रोडवर एका डॉक्टर जोडप्याचं मोठं घर होतं. १९४०-४१ च्या हिवाळ्यात जर्मन विमानं रात्रीमागून रात्री शहरावर बॉम्ब टाकत होती. त्या घरातल्या चार भावांपैकी सगळ्यांत धाकटा ऑलिव्हर तेव्हा सात वर्षांचा होता. पुढे हाच मुलगा ऑलिव्हर सॅक्स या नावाने जगप्रसिद्ध मेंदुविकारतज्ज्ञ झाला. स्मृती हरवलेल्या आणि स्मृती भरकटलेल्या माणसांवर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. २००१ मध्ये त्यांचं बालपणावरचं ‘अंकल टंगस्टन’ हे पुस्तक आलं. त्यात त्या हिवाळ्यातल्या दोन बॉम्बच्या आठवणी होत्या.

पहिला बॉम्ब हजार पौंडी, म्हणजे सुमारे साडेचारशे किलोचा. तो शेजारच्या बागेत पडला, पण फुटला नाही. जोराचं पाऊल पडलं तरी हादऱ्याने तो फुटेल, या भीतीने अख्खी गल्ली त्या रात्री पावलं न वाजवता घराबाहेर पडली. बरेचजण झोपायच्या कपड्यांतच होते. बाहेर दिवे बंद ठेवण्याचा हुकूम होता, म्हणून हातातल्या टॉर्चवर लाल कागद गुंडाळले होते. सकाळी घर जागेवर असेल की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरा बॉम्ब आग लावणारा होता. तो थेट घराच्या मागे पडला आणि पांढऱ्याशुभ्र झळाळीने पेटला. वडील बादलीत ठेवायच्या हातपंपाने पाणी मारत होते आणि भाऊ बादल्या भरभरून आणत होते. पाणी पडताच आग शमायच्या ऐवजी फुत्कार टाकत आणखी भडकत होती आणि वितळलेल्या धातूचे गोळे चहूकडे उडत होते.

हे वर्णन रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही अगदी चोख आहे. त्या बॉम्बमध्ये थर्माइट होतं, म्हणजे अॅल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा ऑक्साइड यांचं मिश्रण. आपल्याकडे रेल्वेचे रूळ सांधतानाही हीच प्रक्रिया वापरतात. तिच्यातून इतकी उष्णता निघते की लोखंड पाण्यासारखं वाहू लागतं. अशा बॉम्बचं कवच बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असे, आणि पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं की त्यातून हायड्रोजन सुटतो, तोही पेट घेतो. वाचणाऱ्याला वाटावं, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणी लिहूच शकणार नाही.

पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांनी सॅक्स आपल्या भावाशी, मायकेलशी, या आठवणींबद्दल बोलले. मायकेल त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठा. पहिल्या बॉम्बची हकिगत त्याने लगेच मान्य केली, त्यालाही ती तशीच आठवत होती. दुसऱ्या बॉम्बबद्दल मात्र तो म्हणाला, की ऑलिव्हरने तो पाहिलेलाच नाही. ऑलिव्हर त्या वेळी घरी नव्हताच.

सॅक्स चक्रावून गेले. ते दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोर अजून स्पष्ट होतं. मायकेलने मग सगळा उलगडा केला. युद्ध सुरू झाल्यावर लंडनमधल्या हजारो मुलांना सुरक्षित ठिकाणी पाठवण्यात आलं, तसं या दोघा भावांनाही इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका निवासी शाळेत धाडलं होतं. सॅक्स यांनी पुस्तकात तिला ब्रेफिल्ड म्हटलं आहे. तिथले दिवस हालाचे होते. मुलांना मार बसे, पोटभर खायला मिळत नसे. दुसरा बॉम्ब पडला त्या रात्री दोघेही त्या शाळेतच होते. घरी असलेल्या मोठ्या भावाने, डेव्हिडने, त्यांना सगळा प्रकार पत्रातून कळवला. पत्र फार रंगवून, नाट्यमय भाषेत लिहिलेलं होतं, आणि धाकटा ऑलिव्हर ते वाचून अगदी भारावून गेला होता.

एकाच घरातले दोन भाऊ, एकच रात्र. एकाला त्या रात्रीची आग आठवते, दुसऱ्याला त्या रात्रीबद्दलचं पत्र.

पत्राचं चित्र कसं झालं असेल, याचा अंदाज बांधता येतो. आईबापांपासून लांब, भुकेल्या आणि घाबरलेल्या सात वर्षांच्या मुलाच्या हातात घरून आलेलं पत्र. ते एकदा वाचून बाजूला ठेवण्यासारखं नव्हतं. मागची बाग, वडिलांची उभं राहण्याची ढब, भावांचे आवाज हे सगळं त्याच्या ओळखीचं होतं, म्हणून पत्रातल्या शब्दांना नेपथ्य आयतंच मिळालं. पुढे तो रसायनशास्त्राने झपाटला. विजेच्या दिव्यांसाठी टंगस्टनच्या तारा बनवणारा त्याचा एक मामा होता, पुस्तकाचं नाव त्याच्यावरूनच आलं आहे. धातू कसे पेटतात, कसे झळाळतात, हे त्या मुलाने पुढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. बॉम्बच्या चित्रात नंतरचे हे रंगही मिसळले असतील.

मानसशास्त्रज्ञ या घोटाळ्याकडे स्रोताची चूक म्हणून पाहतात. अमेरिकेतल्या मार्शिया जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं. त्यांच्या मांडणीनुसार प्रत्येक आठवणीवर ‘हे मी पाहिलं’, ‘हे मी ऐकलं’ असा शिक्का मारलेला नसतो. आठवताना मेंदू अंदाज बांधतो. चित्र स्पष्ट आहे का, रंग-आवाज आहेत का, ठिकाण ओळखीचं आहे का, यावरून तो ठरवतो, की हे पाहिलेलंच असणार. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर निघतो. पण ऐकीव गोष्टीत पाहिलेल्या गोष्टीइतकाच तपशील भरला, तर तो सहज फसतो. म्हणजे घटना खरी असते, तपशीलही खरे असतात, फक्त ‘मी तिथे होतो’ एवढंच चुकतं.

इथे मोठ्या भावाने धाकट्याची आठवण दुरुस्त केली. दुसऱ्या एका घरात याच्या नेमकं उलट घडलं.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात एलिझाबेथ लॉफ्टस या स्मृतीवर संशोधन करत होत्या. त्यांचा विद्यार्थी जिम कोन याने आपल्या चौदा वर्षांच्या भावावर, ख्रिसवर, एक प्रयोग केला. त्याने ख्रिसला लहानपणच्या चार घटना थोडक्यात लिहून दिल्या. तीन खऱ्या होत्या आणि एक बनवलेली. बनवलेली अशी, की पाच वर्षांचा असताना तू स्पोकेन शहरातल्या एका मॉलमध्ये हरवला होतास, रडत होतास, आणि एक उंच, वयस्क माणूस तुला घेऊन आला. त्याच्या अंगात बहुतेक फ्लॅनेलचा शर्ट होता. ख्रिसने पाच दिवस रोज जे आठवेल ते लिहायचं होतं.

पहिल्या दिवसांत त्याला जेमतेम दोन-चार ओळी सुचल्या. मग भीती आठवली, घरचे परत भेटतील की नाही ही धास्ती आठवली, आईने पुन्हा असं करू नकोस म्हणून बजावल्याचंही आठवलं. काही आठवड्यांनी विचारलं तेव्हा त्या माणसाचा शर्ट निळा होता, माथ्यावर टक्कल होतं आणि डोळ्यांवर चष्मा होता. आपण खेळण्यांच्या दुकानाकडे गेलो आणि हरवलो, हेही ख्रिसला आठवत होतं. भावाने दिलेल्या कागदावर शर्ट होता, पण निळा रंग, टक्कल आणि चष्मा नव्हता. यातली एक घटना खोटी आहे, ओळख, असं सांगितल्यावर ख्रिसने बोट ठेवलं ते एका खऱ्या घटनेवर.

एका मुलावरून सगळ्यांबद्दल काही ठरत नाही. म्हणून लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी १९९५ मध्ये अशाच पद्धतीने चोवीस जणांची पाहणी प्रसिद्ध केली. हकिगती नातेवाइकांकडून घेतल्या होत्या. हरवल्याची खोटी गोष्ट सुमारे पाव लोकांनी पूर्ण किंवा अंशतः मान्य केली. उरलेल्या तीन चतुर्थांश लोकांनी ती मान्य केली नाही, हेही तितक्याच महत्त्वाचं आहे. सगळ्या मनांत सगळं पेरता येत नाही. पण विश्वासातल्या माणसाने, ओळखीच्या जागेची, घडू शकेल अशी गोष्ट सांगितली, की ती रुजायला जागा मिळते. घरात मोठ्या भावाइतकं विश्वासाचं माणूस कोण असतं?

मग थोरला-धाकटा हा फरकच नसेल तर? न्यूझीलंडमधल्या मर्सिडीज शीन आणि सायमन केंप यांनी अमेरिकेतल्या डेव्हिड रुबिन यांच्यासोबत जुळ्यांच्या आठवणी तपासल्या. हा अभ्यास २००१ मध्ये, ‘अंकल टंगस्टन’ आलं त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. जुळ्यांच्या वीस जोड्यांना जुन्या आठवणी विचारल्या, तेव्हा चौदा जोड्यांमध्ये निदान एक तरी आठवण अशी निघाली, की ती माझ्याच बाबतीत घडली, असा दोघांचाही दावा होता. पुढे साध्या भावंडांत आणि मित्रांतही असा वाद सापडला, पण जुळ्यांपेक्षा कमी. ज्यांचं लहानपण जितकं एकत्र गेलं, त्यांच्या आठवणींच्या सीमा तितक्या पुसट असतात.

आपल्या घरात असा वाद निघाला तर खरं कोणाचं, हे कसं ओळखायचं? आवाजातल्या खात्रीवरून ते कळत नाही. काही जण म्हणतात, चित्रात तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघताय की स्वतःला बाहेरून बघताय ते पाहा. पण खऱ्याखुऱ्या जुन्या आठवणीतही माणूस स्वतःला बाहेरून पाहतो, त्यामुळे ही कसोटी पुरी पडत नाही. बाहेरचा पुरावा मात्र उपयोगी पडतो. सॅक्स यांच्या बाबतीत दोन गोष्टी जुळत होत्या, त्या महिन्यांत दोघे शाळेत असणं आणि डेव्हिडचं पत्र येणं. तसंच शाळेचा दाखला, फोटोमागची तारीख, जुनं पोस्टकार्ड यांवरून कोण कुठे होतं हे ठरतं. आणि भावंडांना विचारायचं असेल, तर एकमेकांसमोर बसवण्याआधी प्रत्येकाकडून वेगवेगळं लिहून घ्यावं. एकाने सांगायला सुरुवात केली, की दुसऱ्याच्या आठवणीत त्याचे शब्द शिरतात आणि मग ते वेगळे काढता येत नाहीत.

सॅक्स यांनी हे वेगळं काढण्याचा प्रयत्न स्वतःवर केला. २०१३ मध्ये ‘द न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये त्यांनी त्याबद्दल लिहिलं. पहिल्या बॉम्बच्या आठवणीत ते त्या लहान मुलाच्या अंगात शिरू शकत होते. डिसेंबरची थंडी, पातळ पायजमा, आणि भोवतालच्या मोठ्या माणसांचे चेहरे दिसावेत म्हणून वर केलेली मान. दुसऱ्या आठवणीचा पोत वेगळा असेल, ती ऐकीव असल्याची काही तरी खूण त्यात असेल, म्हणून त्यांनी ती उलटून पालटून पाहिली. तशी खूण सापडली नाही. मायकेल बरोबर सांगतोय हे त्यांना पटलं होतं, तरी मागच्या बागेतली ती पांढरी आग पूर्वीइतकीच लख्ख आणि पूर्वीइतकीच त्यांची स्वतःची राहिली.