‘वायली’ची ‘वाहिली’ होते तेव्हा : बोली, यंत्राचे श्रुतलेखन आणि सारांश

बोललेल्या मराठीचे आपोआप लिखाण करणारे सॉफ्टवेअर आवाज जसाच्या तसा उतरवत नाही. आवाजाचे बारीक तुकडे पाडून ते कोणत्या शब्दाशी जुळतात याचा ते अंदाज बांधते आणि आधीच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे, हेही पाहते. हा अंदाज शिकवणीच्या सामग्रीवर अवलंबून असतो. मराठीतल्या सामग्रीचा मोठा भाग बातम्या, पुस्तके आणि छापील वाक्यांच्या वाचनातून येतो. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पातही लोक प्रामुख्याने पडद्यावरचे वाक्य वाचून दाखवतात. वाचणारा अमरावतीचा असला तरी समोरचे वाक्य प्रमाण मराठीतले असते. त्याचा हेल यंत्राला मिळतो, पण घरात बोलले जाणारे शब्द आणि क्रियापदांची रूपे मिळत नाहीत.

त्यामुळे बोलीतला अनोळखी शब्द आला की यंत्र त्याच्या जवळचा, ओळखीचा प्रमाण शब्द लिहिते. तो शुद्ध असतो आणि वाक्यात बऱ्यापैकी बसतो, म्हणून शुद्धलेखन तपासणीत तो सापडत नाही. पुढे त्या लिखाणाचा सारांश झाला की चुकीच्या आजूबाजूचे खटकणारे शब्दही गळून पडतात आणि उरते ते नीटनेटके, पण खोटे विधान. म्हणूनच चूक सारांशाच्या आधी पकडावी लागते.

वऱ्हाडी बोलीत हे स्पष्ट दिसते. तिथे ‘ळ’चा ‘य’ होतो : डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया. स्वरानंतरच्या ‘ड’चा अनेकांच्या तोंडी ‘ळ’ होतो : झाड म्हणजे झाळ, पडला म्हणजे पळला. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. शब्दाच्या सुरुवातीचा ‘वि’ किंवा ‘वी’ सैल होऊन ‘इ’ किंवा ‘ई’ होतो : विहीर म्हणजे इहीर, वीस म्हणजे ईस. आणि ‘करून राह्यलो’ म्हणजे ‘करतो आहे’.

समजा, एका शेतकऱ्याच्या मुलाखतीत पुढील वाक्ये आली :

“यंदा पानी नाई पळलं. सारी पऱ्हाटी वायली. इहिरीतलं पानी ईस दिवस पुरलं. आता तूर पेरून राह्यलो.”

यातली पऱ्हाटी म्हणजे कपाशी. यंत्राकडून याचे असे लिखाण होऊ शकते :

“यंदा पाणी नाही पळालं. सारी पहाटे वाहिली. विहिरीतलं पाणी तीस दिवस पुरलं. आता तूर पेरून राहिलो.”

एकही शब्द अशुद्ध नाही. सारांश मात्र असा निघेल : पहाटे पीक वाहून गेले, विहिरीचे पाणी ३० दिवस पुरले, तुरीची पेरणी उरकली. शेतकऱ्याने सांगितले होते ते वेगळेच : पाऊस पडला नाही, कपाशी वाळली, विहिरीचे पाणी २० दिवस पुरले, तुरीची पेरणी चालू आहे. दुष्काळाचा पूर झाला.

यातली शेवटची चूक वेगळ्या जातीची आहे. ‘पेरून राहिलो’ हे शब्द यंत्राने जवळपास बरोबर ऐकले. त्यांचा अर्थ लावणाऱ्याने प्रमाण मराठीचे व्याकरण लावले आणि चालू काम संपवून टाकले. म्हणून तपासणीही दोन अंगांनी करावी लागते : शब्द नीट ऐकला गेला आहे का, आणि बरोबर ऐकलेला शब्द त्या बोलीत काय सांगतो.

दोन्ही जातींच्या चुका इतर भागांतही भेटतात. मालवणीतले ‘करूक नाय’ म्हणजे ‘केले नाही’. ते ‘करू नका’ असे उतरले तर घडलेल्या गोष्टीची सूचना होते. कोल्हापूरकडे अनेक स्त्रिया स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे म्हणतात. लिखाण अचूक असले तरी केवळ त्यावरून सारांश करणारा बोलणाऱ्या बाईला पुरुष ठरवतो.

तपासणीची सुरुवात बोलणाऱ्याच्या गावापासून करावी. कोणता तालुका, कोणता समाज, बाहेर किती वर्षे काढली, हे कळले की कोणते ध्वनी बदलतील याची छोटी यादी करता येते. मग लिखाण एकदा फक्त अर्थासाठी वाचावे. वरच्या उदाहरणात ‘सारी पहाटे’ इथेच अडखळायला होते. ‘सारी’ला जोडीला नाम हवे आणि ‘पहाटे’ तर क्रियाविशेषण आहे. पाणी ‘पळत’ नाही. पाऊस नसलेल्या वर्षात पीक ‘वाहत’ नाही. लिंग-वचनाचा मेळ तुटणे, कर्ता हरवणे आणि विषयाबाहेरचा शब्द मध्येच येणे या तीन खुणा सर्वांत विश्वासू आहेत.

अडखळलेल्या शब्दावर यादीतले ध्वनी उलटे लावून पाहावेत. ‘वाहिली’च्या जागी ‘वायली’ ठेवले आणि ‘य’चा ‘ळ’ केला की ‘वाळली’ मिळते. ‘पळालं’च्या जागी ‘पळलं’ घेऊन ‘ळ’चा ‘ड’ केला की ‘पडलं’. तोच शब्द फाइलमध्ये कुठे ‘पराठी’, कुठे ‘पहाटे’, कुठे ‘पाटी’ असा आला असेल, तर तिन्ही जागी बोलणारा एकच शब्द म्हणत असण्याची शक्यता मोठी असते.

आकडे, नकार, नावे आणि क्रियापदांचे काळ मात्र वाचून तपासता येत नाहीत. ‘तीस दिवस’ हे वाक्यात कुठेच खटकत नाही. या चार गोष्टी वेळेच्या नोंदीवर जाऊन मूळ आवाजात ऐकाव्याच लागतात. त्याच नोंदींवरून गाळलेले शब्दही दिसतात : दहा सेकंदांच्या अखंड बोलण्यापुढे तीनच शब्द असतील, तर यंत्राने मधले काहीतरी सोडून दिले आहे. काही सॉफ्टवेअर प्रत्येक शब्दाला खात्रीचा गुण देतात. कमी गुणाचा शब्द तपासावा, पण जास्त गुण म्हणजे बरोबर असे समजू नये. सवयीचा प्रमाण शब्द चुकीच्या जागीही भरपूर गुण मिळवू शकतो.

सगळ्या फाइलभर ‘य’चा ‘ळ’ करून मोकळे होण्याचा मोह टाळावा. तसे केले तर ‘माय’ म्हणजे आई, तिची ‘माळ’ होईल. शिवाय एकच माणूस पाहुण्याशी ‘डोळा’ म्हणतो आणि घरच्यांशी ‘डोया’, कधी एकाच वाक्यात दोन्ही. दुरुस्ती एकेका जागी, आवाज ऐकूनच करावी आणि अडलेल्या जागा त्याच तालुक्यातल्या माणसाला ऐकवाव्यात.

दुरुस्त करताना बोलीतला शब्द पुसू नये. ‘वायली (वाळली)’ असे दोन्ही लिहिले की सारांश करणाऱ्याला अर्थ कळतो आणि पुढे शंका आली तर मूळ उच्चारही हाताशी राहतो. ऐकूनही न उलगडलेल्या जागी वेळेसह ‘अस्पष्ट’ अशी खूण करावी आणि ते विधान सारांशात घेऊ नये. सारांश झाल्यावर त्यातला प्रत्येक आकडा, प्रत्येक ‘नाही’ आणि प्रत्येक ‘झाले’ पुन्हा दुरुस्त लिखाणाशी ताडून पाहावे.